फोटोवर एक मिनिट बोलायचं तर: जागा सांगा, माणूस दाखवा आणि त्याच्यापाशी थांबा

प्रश्न: केंब्रिजच्या बी१ प्रिलिमिनरीच्या तोंडी परीक्षेत एका फोटोवर इंग्रजीत एक मिनिट बोलावं लागतं. माझं बोलणं वीस-पंचवीस सेकंदांत संपतं. 'देअर इज', 'देअर इज' करत सगळं सांगून होतं आणि मग काहीच उरत नाही. जागा दाखवणारे शब्द आणि चालू वर्तमानकाळ दोन्ही मला येतात, तरी असं का होतं? मिनिट भरायचं कसं?

उत्तर:

आधी हिशेब करू, म्हणजे अडचण कुठे आहे ते नेमकं दिसेल. तुमच्या पातळीचा विद्यार्थी न अडखळता, न धावता बोलला तर मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द बोलतो. एका वाक्यात आठ-दहा शब्द धरले तर बारा वाक्यं लागतात. परीक्षेतल्या फोटोत ठळक दिसणारी माणसं मात्र तीन किंवा चारच असतात. म्हणजे प्रत्येक माणसामागे तीन-चार वाक्यं आली पाहिजेत. तुम्ही प्रत्येकाला एकच वाक्य देता, म्हणून मिनिटाच्या तिसऱ्या भागातच फोटो संपतो. शब्दसंग्रह कमी पडतो असं बहुतेकांना वाटतं, पण माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांत ते कारण क्वचितच खरं निघतं. फोटोत जे दिसतंय त्यातलं निम्मं त्यांनी सांगितलेलंच नसतं, आणि ते सांगायला लागणारे शब्द त्यांना सहावी-सातवीपासून माहीत असतात.

मग ते राहून का जातं? कारण आपण फोटोकडे मराठीतून बघतो, आणि मराठीत त्या गोष्टी क्रियापदाच्या रूपात समोर येतच नाहीत. हे नीट उलगडून सांगतो, कारण तुमचं हरवलेलं अर्धं मिनिट इथेच आहे.

चालू वर्तमानकाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हालचाल येते: धावतोय, खातोय, झाडतोय. फोटोत तसं काही दिसलं की 'इज रनिंग', 'इज ईटिंग' आपण बरोबर म्हणतो. पण फोटोतली बरीच माणसं हालचाल करत नसतात. ती बसलेली असतात, उभी असतात, टेकलेली असतात, त्यांनी काहीतरी घातलेलं असतं, हातात काहीतरी असतं. मराठीत आपण म्हणतो: ती बाकावर बसली आहे. तिने कोट घातला आहे. तिच्या हातात कप आहे. त्याच्या पाठीवर सॅक आहे. मुलगा आईला टेकला आहे. यातल्या एकाही वाक्यात '-तो आहे' नाही. म्हणून इंग्रजीत बोलताना '-इंग' सुचत नाही. त्याऐवजी 'शी सॅट ऑन द बेंच', 'शी वोअर अ कोट' अशी भूतकाळी वाक्यं येतात, किंवा 'कप इज इन हर हँड' येतं, किंवा ते सांगायचंच राहून जातं.

इंग्रजीला मात्र या सगळ्या चालू असलेल्या गोष्टी वाटतात. शी इज सिटिंग ऑन अ बेंच. शी इज वेअरिंग अ कोट. शी इज होल्डिंग अ कप. ही इज कॅरीइंग अ बॅकपॅक. द बॉय इज लीनिंग अगेन्स्ट हिज मदर. कोट तिने सकाळी चढवला असला तरी तो अंगावर आहे तोपर्यंत इंग्रजीत तिचं 'वेअरिंग' चालूच असतं. एवढं एक पक्कं झालं की हातात, अंगावर, डोक्यावर, पाठीवर, मांडीवर, चेहऱ्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे एक तयार वाक्य होतं. डोक्यावर टोपी आहे, तर 'वेअरिंग अ हॅट'. मांडीवर मांजर आहे, तर 'द कॅट इज लाइंग ऑन हर लॅप'. चेहऱ्यावर हसू आहे, तर 'शी इज स्मायलिंग'. नजर खिडकीकडे आहे, तर 'शी इज लुकिंग आउट ऑफ द विंडो'. मी विद्यार्थ्यांना सांगतो, मराठीत मनात 'आहे' आलं की एक क्षण थांबा आणि इंग्रजीत तिथे एखादं '-इंग' बसतंय का बघा.

वस्तूंच्या बाबतीतही तसंच आहे. पिशवी जमिनीवर पडली आहे, हे बघून 'द बॅग फेल डाउन' किंवा 'द बॅग इज फॉलिंग' म्हटलं जातं. पहिल्यात ती पडण्याची जुनी घटना येते, दुसऱ्यात ती या क्षणी हवेत आहे असं होतं. नुसती जमिनीवर असेल तर 'अ बॅग इज लाइंग ऑन द ग्राउंड'. भिंतीवर चित्र लावलं आहे, तर 'अ पिक्चर इज हँगिंग ऑन द वॉल'.

उलट्या बाजूलाही तोल जातो, तोही सांगतो. '-इंग' वापरायचंच असं मनात धरलं की ते जिथे चालत नाही तिथेही चिकटतं. 'शी इज हॅविंग लाँग हेअर' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. तिथे 'शी हॅज लाँग हेअर' हवं, कारण केस असणं ही तिच्या वर्णनातली गोष्ट आहे, ती काही करत नाहीये. 'आय अ‍ॅम सीइंग अ मॅन' नाही, 'आय कॅन सी अ मॅन'. 'ही इज लुकिंग हॅपी' चुकीचं म्हणता येणार नाही, पण 'ही लुक्स हॅपी' जास्त सहज वाटतं. आणि दार उघडं असेल तर 'द डोअर इज ओपन'. 'द डोअर इज ओपनिंग' म्हटलं तर ऐकणाऱ्याला दार सरकताना दिसतं. दिवा लागलेला असेल तर 'द लाइट इज ऑन', एवढंच.

एक बारीक पण महत्त्वाची जोडी म्हणजे 'सिटिंग' आणि 'सिटिंग डाउन'. आपण 'खाली बसलाय' म्हणतो तेव्हा जमिनीवर बसलाय असा अर्थ असतो. विद्यार्थी ते 'ही इज सिटिंग डाउन' असं नेतात. त्यातून माणूस उभ्याचा बसण्याच्या बेतात आहे असंही चित्र उभं राहू शकतं, आणि जमीन तर त्यात येतच नाही. जमिनीवर असेल तर 'ही इज सिटिंग ऑन द फ्लोअर' किंवा उघड्यावर असेल तर 'ऑन द ग्राउंड' म्हणा.

आता जागा दाखवणारे शब्द. तुम्ही म्हणता ते येतात, आणि यादी विचारली तर नक्कीच येत असतील. गोंधळ होतो तो मराठीच्या एका शब्दाला इंग्रजीत दोन-तीन वाटा फुटतात तिथे. सगळ्यात जास्त घोळ 'समोर'चा. टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं तोंडं एकमेकांकडे करून बसली आहेत. मराठीत तो तिच्यासमोर बसलाय. इंग्रजीत 'इन फ्रंट ऑफ हर' म्हटलं तर तो तिच्या पुढे, रांगेत असतो तसा, बहुधा तिच्याकडे पाठ करून असल्यासारखा वाटतो. इथे शब्द हवा 'ऑपोझिट': ही इज सिटिंग ऑपोझिट हर. बाकाच्या पुढ्यात बॅग ठेवलेली असेल तर मात्र 'इन फ्रंट ऑफ द बेंच' अगदी बरोबर.

'मागे'लाही दोन वाटा आहेत. एखाद्या विशिष्ट वस्तूच्या किंवा माणसाच्या मागे असेल तर 'बिहाइंड' आणि त्यापुढे ती वस्तू यायलाच हवी: बिहाइंड द बेंच, बिहाइंड द वुमन. फोटोत एकूणच दूरवर असेल तर 'इन द बॅकग्राउंड', त्यापुढे काही लागत नाही. 'बिहाइंड देअर इज अ ट्रेन' असं अर्धवट वाक्य परीक्षेत फार ऐकू येतं, कारण मराठीत 'मागे एक गाडी आहे' पुरेसं असतं. 'मध्ये'चं तसंच. फोटोच्या मधोमध 'इन द मिडल', दोन गोष्टींच्या मध्ये 'बिट्वीन'. 'वर'चं म्हणाल तर टेकलेलं असेल तिथे 'ऑन', अंतर ठेवून वर असेल तिथे 'अबव्ह'. डावी-उजवी नेहमी बघणाऱ्याची धरायची, फोटोतल्या माणसाची नाही. त्याआधी 'ऑन' येतं आणि 'द' सोडायचा नाही: ऑन द लेफ्ट, ऑन द राइट. फोरग्राउंड, बॅकग्राउंड, मिडल आणि कॉर्नर यांच्याआधी 'इन'. याहून फार जास्त शब्द या भागाला लागत नाहीत. सात-आठ शब्द न चुकता वापरणारा विद्यार्थी वीस शब्द पाठ करून त्यांत अडखळणाऱ्यापेक्षा नेहमीच पुढे असतो.

हे शब्द वाक्यात ठेवायचे कुठे, यावर माझं ठाम मत आहे. फोटोत नवीन ठिकाणी नजर नेताना जागेचा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आणा: ऑन द राइट, अ मॅन इज स्वीपिंग द फ्लोअर. त्याने दोन कामं होतात. ऐकणाऱ्याची नजर आधी तिथे पोचते. आणि तुम्हाला ते दोन-तीन पाठ शब्द बोलता बोलता पुढच्या क्रियापदाचा विचार करायला सेकंदभर मिळतो. या परीक्षेत फोटो हातात दिला की लगेच बोलायचं असतं, तयारीला वेगळा वेळ नसतो, तेव्हा हा सेकंद फार मोलाचा. त्याच माणसाबद्दल पुढची वाक्यं बोलताना मात्र जागा परत सांगू नका. 'शी', 'ही', 'दे' पुरेसं. प्रत्येक वाक्यात 'ऑन द राइट' आलं तर कानाला ते खटकतं, आणि तुम्ही त्या माणसापाशी थांबलाच नाही असंही होतं.

आता एक फोटो घेऊन करून दाखवतो. रेल्वे स्टेशनचा फलाट आहे असं समजा. पुढे बाकावर एक तरुणी बसली आहे, करडा कोट, लाल स्कार्फ, हातात कागदी कप. तिच्या शेजारी लहान मुलगा सफरचंद खातोय आणि गाडीकडे बघतोय. ती त्याच्याशी बोलतेय, त्याचं लक्ष नाही. पुढ्यात निळी सुटकेस. बाकामागे एक उंच माणूस फोन बघत उभा, पाठीवर मोठी सॅक. उजवीकडे पिवळ्या जॅकेटमधला माणूस फरशी झाडतोय. मागे गाडी उभी आहे, दारं उघडी आहेत, लोक उतरतायत.

पहिल्या प्रयत्नात बहुतेकजण असं बोलतात:

> देअर इज अ वुमन. देअर इज अ बॉय. देअर इज अ मॅन विथ बॅग. देअर इज वन ट्रेन. वन मॅन इज क्लीनिंग. इट इज अ स्टेशन. दे आर वेटिंग फॉर ट्रेन.

हे तीसेक शब्द झाले, म्हणजे वीस सेकंदांच्या आत संपलं. यात व्याकरणाच्या चुका फारशा नाहीत, पण बाई कुठे आहे, काय करतेय, मुलगा तिच्या कुठल्या बाजूला आहे, काहीच कळत नाही. '-इंग' फक्त दोनदा आलं, तेही जिथे उघड काम दिसत होतं तिथेच. कोट, स्कार्फ, कप, सफरचंद, फोन, सगळं डोळ्यांसमोर असून तोंडात आलं नाही.

आता तोच फोटो, तेच साधे शब्द:

> धिस फोटो शोज सम पीपल अ‍ॅट अ ट्रेन स्टेशन. इन द फोरग्राउंड, अ यंग वुमन इज सिटिंग ऑन अ बेंच. शी इज वेअरिंग अ ग्रे कोट अँड अ रेड स्कार्फ, अँड शी इज होल्डिंग अ पेपर कप. शी इज टॉकिंग टू द लिटल बॉय नेक्स्ट टू हर, बट ही इजन्ट लिसनिंग. ही इज ईटिंग अ‍ॅन अ‍ॅपल अँड लुकिंग अ‍ॅट द ट्रेन. देअर इज अ ब्लू सुटकेस इन फ्रंट ऑफ देम. बिहाइंड द बेंच, अ टॉल मॅन इज स्टँडिंग अँड लुकिंग अ‍ॅट हिज फोन. ही इज कॅरीइंग अ बिग बॅकपॅक. ऑन द राइट, अ मॅन इन अ यलो जॅकेट इज स्वीपिंग द फ्लोअर. इन द बॅकग्राउंड, देअर इज अ ट्रेन. द डोअर्स आर ओपन अँड सम पीपल आर गेटिंग ऑफ. इट लुक्स कोल्ड, बिकॉज एव्हरीवन इज वेअरिंग वॉर्म क्लोद्ज.

ही बारा वाक्यं आणि साधारण १३० शब्द आहेत. घाई न करता बोललात तर मिनिट भरतं, किंचित सांडतंही. सांडलं तर काळजी नको. परीक्षक 'थँक यू' म्हणून थांबवतात, आणि वेळ संपली म्हणून थांबवलं यात तुमचं काही कमी होत नाही.

यात काय घडलं ते बघा. बाई आणि मुलगा यांच्यापाशी आपण पाच वाक्यं थांबलो, जवळजवळ अर्धं मिनिट. तेवढ्यात जागा बदलणारा शब्द वाक्याच्या तोंडी एकदाच आला. पुढे 'नेक्स्ट टू हर' आणि 'इन फ्रंट ऑफ देम' हे त्या दोघांशी जोडूनच आले. नजर खरोखर हलली तेव्हाच 'बिहाइंड द बेंच', 'ऑन द राइट', 'इन द बॅकग्राउंड' पुढे आले. मी नेहमी सगळ्यात पुढच्या, सगळ्यात मोठ्या दिसणाऱ्या माणसापासून सुरुवात करायला सांगतो. डावीकडून उजवीकडे जाण्याची पद्धत काही शिक्षक शिकवतात, पण फोटोच्या डाव्या कडेला बऱ्याचदा एखादं झाड किंवा भिंत असते, आणि त्याबद्दल बोलण्यासारखं काही नसल्यामुळे सुरुवातीलाच अडखळायला होतं. पुढच्या माणसाचा चेहरा, हात, कपडे स्पष्ट दिसतात, म्हणजे क्रियापदं तिथेच सर्वांत जास्त.

'ही इजन्ट लिसनिंग' हे वाक्य मुद्दाम घातलंय. नकारार्थी चालू वर्तमानकाळ कुणी वापरत नाही, आणि तो सोपा असतो. लक्ष नसलेला, कॅमेऱ्याकडे न बघणारा, इतरांसारखा न हसणारा माणूस फोटोत बऱ्याचदा सापडतो. शिवाय 'बट' आल्यामुळे दोन वाक्यं एकमेकांना जोडली जातात. बोलण्याची सुसूत्रता हाही परीक्षकांच्या निकषांतला एक भाग आहे, तिथे याचा उपयोग होतो.

'देअर इज' पूर्ण टाकून द्या असं मी म्हणत नाही. वस्तूंसाठी ते उत्तम आहे, म्हणून वर सुटकेस आणि ट्रेन त्यानेच आली. माणसांसाठी वापरलंत तर पुढे लगेच '-इंग' जोडा, पण मध्ये दुसरं 'इज' येऊ देऊ नका. 'देअर इज अ मॅन इज स्टँडिंग' ही चूक इतकी रुळलेली आहे की बोलणाऱ्याला ती ऐकूही येत नाही. 'देअर इज अ मॅन स्टँडिंग बिहाइंड द बेंच' किंवा 'अ मॅन इज स्टँडिंग बिहाइंड द बेंच', दोन्हींपैकी एक निवडा. याच्या उलट चूक म्हणजे 'अ मॅन स्टँडिंग बिहाइंड द बेंच' एवढंच म्हणून थांबणं. त्यात 'इज' नाही, म्हणजे वाक्यच झालं नाही. घाईत बोलताना ते गळतं, विशेषतः 'पीपल'नंतरचं 'आर'. 'सम पीपल गेटिंग ऑफ' असं होतं.

शब्द अडला तर? समजा त्या फलाटावर सामान वाहायची ढकलगाडी आहे आणि 'ट्रॉली' आठवत नाही. थांबून 'आय डोन्ट नो' म्हणू नका, आणि ती गोष्ट गाळूही नका. 'देअर इज अ थिंग फॉर कॅरीइंग बॅग्ज' म्हणा. शब्द नसेल तर अर्थ समजावून सांगणं या भागात अपेक्षितच आहे, आणि ते जमलं तर तुमच्याबद्दल चांगलंच मत होतं. यासाठी दोन साचे तयार ठेवा: 'अ थिंग फॉर' आणि पुढे '-इंग', किंवा 'इट इज लाइक अ' आणि पुढे जवळची वस्तू. माणसाचा व्यवसाय आठवला नाही तर त्याची गरजच नाही, तो काय करतोय ते सांगा. झाडणाऱ्याला 'क्लीनर' म्हणता आलं नाही तरी 'स्वीपिंग' पुरतं.

अंदाज किती बांधायचे, हा पुढचा प्रश्न असतो. या भागात गोष्ट रचायची नसते, दिसतंय ते सांगायचं असतं. बाई कुठे निघाली असेल, मुलगा का रुसला असेल, यात शिरलं की काळ बदलतात, वाक्यं लांबतात आणि अडखळणं वाढतं. एखाद-दुसरा अंदाज पुरे, तोही फोटोतल्या पुराव्यावर टेकलेला. वरचं थंडीचं वाक्य त्यासाठीच शेवटी ठेवलंय. 'इट लुक्स' म्हणून अंदाज आणि 'बिकॉज' म्हणून पुरावा, आणि पुराव्यात परत '-इंग'. सगळं बोलून झालं आणि अजून आठ-दहा सेकंद उरले असं वाटलं तर हवा, दिवसाची वेळ आणि माणसांचे मूड, या तिन्हींतलं एक निवडा.

तरीही मध्येच गप्प झालात तर परीक्षक थोडी मदत करतात. माणसांबद्दल बोला, ठिकाणाबद्दल बोला, फोटोतल्या इतर गोष्टींबद्दल बोला, अशा स्वरूपाच्या सूचना त्यांच्याकडे तयार असतात. त्या ऐकायची वाट न बघता स्वतःच मनात म्हणा: माणसं, ठिकाण, बाकीचं. अडलात की यातलं काय राहिलं ते बघा. बहुतेक वेळा 'ठिकाण' राहिलेलं असतं: भिंती, छत, खिडक्या, बाहेर काय दिसतं. तिथे 'देअर इज' आणि जागेचे शब्द मनसोक्त वापरता येतात.

सरावाबद्दल थोडं. जुनी सराव पुस्तकं वापरत असाल तर गोंधळू नका. २०२० मध्ये परीक्षेची रचना बदलली, त्याआधी फोटोचा भाग तिसरा होता, आता तो दुसरा आहे. त्यातले फोटो सरावाला चालतात. उत्तर लिहून पाठ करू नका, कारण पाठ केलेलं वर्णन वेगळ्या फोटोवर बसत नाही आणि बोलण्याच्या सुरावरून ते लगेच ओळखू येतं. फोनवर रेकॉर्ड करा, पण रेकॉर्ड करून नुसतं ऐकू नका. एकाच फोटोवर लागोपाठ तीनदा बोला. पहिल्यांदा जसं येईल तसं. मग ते ऐका आणि प्रत्येक माणसामागे किती वाक्यं आली तेवढंच मोजा. एक-एकच आली असतील तर फोटोकडे परत बघा: हातात काय, अंगावर काय, नजर कुठे, शरीर कसं टेकलंय. यातलं न सांगितलेलं दुसऱ्या वेळी घाला. तिसऱ्या वेळी फक्त 'इज' आणि 'आर' ऐका. '-इंग' आहे आणि त्याआधी 'इज' नाही, किंवा 'देअर इज' नंतर दुसरं 'इज' आलं, असं जिथे जिथे सापडेल तिथलं वाक्य मोठ्याने दोनदा बरोबर म्हणा. एका वेळी दोन्ही गोष्टी तपासायला गेलात तर दोन्ही निसटतात.

फोटो निवडताना तीन ते सहा माणसं असलेले घ्या, आणि निदान एक माणूस काहीही न करता नुसता उभा किंवा बसलेला असेल असा बघा. नाचणाऱ्या, पोहणाऱ्या, चेंडू खेळणाऱ्या माणसांच्या फोटोंवर सगळेच बोलू शकतात. तुम्हाला सराव हवा तो खिडकीशी नुसत्या बसलेल्या माणसावर चार वाक्यं बोलायचा. तो बसलाय, टेकलाय, कोट घातलाय, बाहेर बघतोय. 'ही इज सिटिंग बाय द विंडो' पासून सुरू करा आणि घड्याळात वीस सेकंद होईपर्यंत त्या एकाच माणसावरून नजर हटवू नका.